‘विरहवेदना’ नेमकी कुणाची?

समजा, नव्यानेच लिहू लागलेल्या एका मुलीने तुम्हाला तिचं भावगीत वाचायला दिलं. मुखडा असा:

दार लोटले, दिवा लाविला, कुणी न आले घरी
ताटामधला भात निवाला, पाउस कौलांवरी

आणि पहिला अंतरा असा:

विरहवेदना काळजातली, स्वप्न भंगले उरी
आठवणींच्या सागरात मी, एकाकी ही तरी

अशा वेळी बहुतेक जण ‘छान आहे, लिहीत राहा’ म्हणून कागद परत करतात. यातून तिला काहीच कळत नाही. काय छान आहे, हे ओळीवर बोट ठेवून सांगितलं, तरच पुढच्या गीतात ती ते जाणूनबुजून करू शकेल.

इथे सांगण्यासारखं बरंच आहे. मात्रा मोजून पाहा: आठ, आठ, आठ आणि शेवटी तीन. चारही ओळी याच मापात बसतात, म्हणजे केरव्यात त्या सहज गाता येतील. त्यासाठी तिने ‘पाऊस’चा ‘पाउस’ केला आहे. कवितेत ही सूट चालते, हेही तिला सांगावं, नाहीतर कुणीतरी शुद्धलेखनाची चूक म्हणून ते खोडायचं. ‘घरी’, ‘वरी’ या शेवटांत दीर्घ ‘ई’ आहे, त्यामुळे गाणाऱ्याला तिथे स्वर लांबवता येतो. पण खरी कमाई ताटातला भात. दुःखाचा एकही शब्द न उच्चारता, कुणीतरी येणार होतं, ताट वाढलं होतं आणि वेळ उलटून गेली, हे सगळं त्या निवलेल्या भातातून कळतं.

अंतऱ्यात मात्र हे चित्र एकदम पुसलं जातं. मात्रा चुकलेल्या नाहीत, यमकही जुळलं आहे, म्हणून दोष पटकन दिसत नाही. तो ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. मुखडा झाकून फक्त अंतरा वाचायचा आणि तो दुसऱ्या कुठल्याही विरहगीताखाली चिकटवून पाहायचा. हा अंतरा कुठेही चिकटतो. प्रेयसीच्या, मित्राच्या, सुटलेल्या गावाच्या गाण्यातही तो खपून जाईल. विरह कुणाचा, स्वप्न कसलं, आठवण कोणती, यातलं काहीच त्यात नाही. शिवाय ‘तरी’, म्हणजे होडी, केवळ यमकाच्या ओढीने आली आहे. आजच्या वाचकाला तिथे मिसळ आठवली, तर दोष त्याचा नाही.

हा काही आधुनिक शहाणपणा नव्हे. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रसदोष सांगितले, त्यांत पहिलाच दोष भावाचं थेट नाव घेण्याचा आहे. शोक वाचकाच्या मनात जागा व्हायला हवा. ‘मला शोक झाला’ असं सांगून तो जागा होत नाही.

पण हे सांगायचं कसं? ‘फार अमूर्त लिहिलंस’ हा शेराही तितकाच अमूर्त. त्यापेक्षा ‘विरहवेदना’, ‘स्वप्न’ आणि ‘सागर’ या तीन शब्दांखाली रेघ ओढावी आणि प्रत्येकाशी एकेक प्रश्न लिहावा: कुणाचा? कसलं? कोणती आठवण? पर्यायी ओळ मात्र आपण लिहून देऊ नये. आपली ओळ चांगली झाली तरी गाणं तिचं राहत नाही. शिवाय तिच्या घरात खुंटीवर काय टांगलंय, हे आपल्याला कुठून माहीत असणार?

विचारल्यावर ती म्हणते, ‘भाऊ बोटीवर कामाला आहे. गणपतीला येणार होता.’ एवढी माहिती गाण्यात कुठेच नव्हती. घरात त्याचं काय राहिलंय, असं विचारलं की त्याचा सदरा निघतो. मग तीच लिहिते:

धुतला सदरा खुंटीवरती, वास सुटेना तरी

माप तेच, यमक तेच. पण ‘तरी’ आता होडी नाही. रोजच्या बोलण्यातला ‘तरी’ आहे आणि अख्ख्या ओळीचा भार त्याच्यावर आहे.

मोघम दिसणारा प्रत्येक शब्द हाकलायचा, असं मात्र नाही. अभंगात ‘माया’ किंवा ‘भक्ती’ या शब्दांमागे शतकांची परंपरा उभी असते, ऐकणाऱ्याला ते पोकळ वाटत नाहीत. भावगीतातही भात आणि सदरा आधी येऊन गेल्यावर, शेवटच्या अंतऱ्यात एखादा ‘विरह’ शोभून जाईल. भार सोसायला खाली काहीतरी आहे की नाही, एवढंच बघायचं.

अंतऱ्याची दुसरी ओळ अजून तशीच आहे. ती त्याच दिवशी दुरुस्त करून घेऊ नये. नवख्या माणसाला एका बैठकीत एक दोष पुरे. शिवाय तिथली अडचण आता वेगळी झाली आहे. ज्या घरातला मुलगा खरोखर समुद्रावर आहे, तिथे ‘आठवणींचा सागर’ केवळ अलंकार राहत नाही, तो त्या खऱ्या समुद्राच्या आड येतो. तो काढायचा, की आठवणी वगळून नुसता समुद्रच ठेवायचा, हे तिने ठरवायचं.