बांध कोणी कोरला?

शेजाऱ्याने बांध कोरल्याचा दावा कोर्टात चालू आहे आणि वादीच्या साक्षीची वेळ आली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर साक्षीदाराची सरतपास पिंजऱ्यात होत नाही, तो आपली हकिकत प्रतिज्ञापत्रावर लिहून देतो. पिंजऱ्यात होतो तो उलटतपास, आणि तो या कागदावरच होतो. म्हणून हा कागद कसा लिहिला आहे याला फार महत्त्व आहे.

शेतकरी वकिलाकडे येतो आणि मन मोकळे करतो. कारकून ते जसेच्या तसे टंकून घेतो. नमुन्यादाखल असा एक मजकूर घेऊ:

“सदर जमीन आमच्या वाडवडिलांपासून आमच्या कब्जात असून प्रतिवादी हा मुळातच भांडखोर व गावगुंड वृत्तीचा इसम आहे, त्याने वटपौर्णिमेच्या सुमारास रातोरात ट्रॅक्टरने बांध कोरून अतिक्रमण केले, हे सगळ्या गावाला माहीत आहे, मी विचारणा केली असता दमदाटी केली, वास्तविक त्याआधीच सरकारी मोजणी झाली असून तीत आमची हद्द सिद्ध झालेली आहे, त्यामुळे प्रतिवादीस कोणताही हक्क उरत नाही व मनाई हुकूम मिळणे न्यायाचे आहे.”

बोलणाऱ्याचा संताप खरा आहे. पण या एका वाक्यात पाहिलेले, ऐकलेले, वाटलेले आणि वकिलाने कोर्टापुढे मांडायचे असे सगळे एकत्र कालवले आहे. संहितेच्या आदेश १९ नियम ३ प्रमाणे प्रतिज्ञापत्रात साक्षीदाराला स्वतःच्या माहितीवरून शाबीत करता येतील एवढ्याच गोष्टी याव्यात. मनाईच्या तात्पुरत्या अर्जासारख्या अंतरिम कामात विश्वासावर आधारलेले विधान चालते, पण त्या विश्वासाची कारणे द्यावी लागतात. ऐकीव मजकूर किंवा युक्तिवाद विनाकारण भरला, तर त्याचा खर्च भरणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतो, असेही तोच नियम सांगतो.

दुरुस्तीला बसताना आधी एक पेन्सिल घ्यावी आणि प्रत्येक तुकड्यापुढे एकच प्रश्न लिहावा: हे तुम्हाला कसे माहीत? ‘भांडखोर’ हे मत आहे, ते जाते. ‘हक्क उरत नाही’ आणि ‘न्यायाचे आहे’ हा युक्तिवाद आहे. तो वकील शेवटी करतीलच, इथून तो काढायचा. ‘सगळ्या गावाला माहीत आहे’ हे ऐकीव आहे. गावातल्या कोणी पाहिले असेल, तर त्याचे वेगळे प्रतिज्ञापत्र हवे.

काही शब्द मात्र वरून घटनेसारखे दिसतात आणि आत निष्कर्ष लपवतात. ‘कब्जा’ हा तसला शब्द आहे. कब्जा डोळ्यांना दिसत नाही, पेरणी दिसते. म्हणून विचारायचे की या तुकड्यात कोणत्या साली काय पेरले, औत कोणी हाकले, बांधावरची बाभूळ कोणी तोडली. ‘दमदाटी’चेही तसेच. प्रतिवादी नेमके काय म्हणाला, ते त्याच्याच शब्दांत लिहावे. दमदाटी होती की नव्हती, ते न्यायाधीश ठरवतील.

आता मुख्य ठिकाण, ‘रातोरात बांध कोरला’. तुम्ही पाहिले का? थोडा वेळ शांतता, मग उत्तर येते, “नाही, रात्री मी घरी होतो. सकाळी गेलो तर बांध नव्हता.” हे उत्तर उलटतपासात बाहेर पडले असते, तर बाकीच्या खऱ्या विधानांवरही शंका आली असती. वकिलाच्या टेबलावरच बाहेर पडले, तर नुकसान काहीच नाही. उलट पुढचे प्रश्न सुचतात. आदल्या संध्याकाळी बांध होता का? सकाळी नेमके काय दिसले? नंतर त्या पट्ट्यात कोणी पेरले?

तारीखही अशीच शोधावी लागते. ‘वटपौर्णिमेच्या सुमारास’ म्हणजे कधी? बायको वडाला जाऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, असे त्याला पक्के आठवते. २०२४ चे कॅलेंडर काढले की वटपौर्णिमा २१ जूनला दिसते, म्हणजे घटना २२ जूनची. आठवण एवढी पक्की नसेल, तर ‘जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पेरणीच्या आधी’ असे लिहावे. सोयीची तारीख बसवून देऊ नये.

सगळे तुकडे तारखेप्रमाणे लावले की मोजणी, जी सांगताना शेवटी आली होती, आपोआप वर सरकते. मजकूर असा होतो:

१. २०११ पासून दरवर्षी दाव्यातील मिळकतीत उत्तरेच्या बांधापर्यंत मी सोयाबीन पेरतो.

२. दि. १८/०३/२०२४ रोजी भूमापक मोजणीस आले. मी व प्रतिवादी हजर होतो. भूमापकांनी उत्तर हद्दीवर खुणा दाखवल्या. मोजणी नकाशाची प्रत सोबत जोडली आहे.

३. दि. २१/०६/२०२४ रोजी सायंकाळी सहाच्या सुमारास मी शेतात होतो. त्या वेळी उत्तरेचा बांध जागेवर होता.

४. दि. २२/०६/२०२४ रोजी सकाळी सातच्या सुमारास मी शेतात गेलो, तेव्हा बांध नव्हता. तेथे ट्रॅक्टरच्या चाकांच्या ताज्या खुणा होत्या व त्या प्रतिवादीच्या शेताकडे जात होत्या.

५. त्याच दिवशी मी प्रतिवादीस त्याच्या घरी भेटलो. तो म्हणाला, “बांध माझाच होता, परत विचारायला आलास तर बघून घेईन.”

६. दि. २८/०६/२०२४ रोजी प्रतिवादी बांधाच्या जागेवर पेरणी करत असताना मी पाहिले.

यात ‘अतिक्रमण’ हा शब्द कुठेच नाही. तरीही चौथा, पाचवा आणि सहावा परिच्छेद ओळीने वाचणाऱ्याला काय घडले असावे ते कळते. दुसऱ्या परिच्छेदात ‘हद्द सिद्ध झाली’ असेही लिहिलेले नाही, कारण मोजणी बरोबर झाली हे सांगायचे काम भूमापकाचे आहे आणि त्यासाठी त्याची साक्ष लागेल. व्यापारी दाव्यांसाठी २०१५ च्या कायद्याने याच पद्धतीचा नमुना संहितेत घातला आहे: घटनाक्रमाने मांडणी, क्रमांकित परिच्छेद, एका परिच्छेदात शक्यतो एकच भाग, तारखा अंकांत. बांधाच्या दाव्याला तो नियम थेट लागू नसला, तरी मांडणी उसनी घ्यायला हरकत नाही.

शेवटी सत्यापन. ‘वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे’ ही छापील ओळ सर्रास चिकटवली जाते, आणि ती चुकीची आहे. मुंबई राज्य विरुद्ध पुरुषोत्तम जोग नाईक या १९५२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा ढिसाळ सत्यापनावर बोट ठेवले होते. स्वतःच्या माहितीचे कोणते आणि दुसऱ्याकडून कळलेले कोणते, ते वेगळे सांगावे आणि कळल्याचा उगमही द्यावा, असे त्यात म्हटले आहे. परिच्छेदांना क्रमांक असले की हे एका ओळीत होते.

या साफसफाईत एक धोकाही आहे. मजकूर नीटनेटका करताना अडचणीची गोष्ट गाळण्याचा मोह होतो. प्रतिवादी ‘बांध माझाच होता’ असे म्हणाला, हे वाक्य वादीला गैरसोयीचे आहे, पण तो ते बोलला म्हणून ते ठेवायचे. तसेच शेतकऱ्याच्या तोंडी वकिली शब्द घालू नयेत, नाहीतर उलटतपासात “या शब्दाचा अर्थ सांगा” एवढ्या प्रश्नावर साक्षीदार गडबडतो.

प्रतिज्ञापत्रावर सही करणारा माणूस शपथेवर बोलत असतो, आणि न्यायालयीन कामात जाणूनबुजून खोटा पुरावा दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून कागद तयार झाल्यावर वकिलांना तो क्रमांकाने मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आणि ज्या क्रमांकापाशी ‘हे मी पाहिले’ किंवा ‘हे मला अमक्याने सांगितले’ असे म्हणता येणार नाही, तो दुरुस्त झाल्याशिवाय सही करू नका.