दुसरे दुकान की ऑनलाइन विक्री? स्टेशनरीवाल्याचे गणित

स्टेशनरीच्या दुकानाचे खरे वर्ष जूनमध्ये सुरू होते. मेच्या अखेरीस वह्यांचे गठ्ठे येऊन पडतात, जून-जुलैत शाळेची यादी हातात घेऊन पालक रांग लावतात आणि गणपती येईपर्यंत गर्दी ओसरलेली असते. दुसरे दुकान काढायचा विचार बहुधा याच गर्दीत सुचतो आणि हिशेब तिथेच फसतो, कारण गर्दी दोन महिन्यांची असली तरी भाडे बारा महिन्यांचे असते.

उदाहरणादाखल पुण्याच्या उपनगरातले, शाळेजवळचे एक दुकान घेऊ. सगळा माल मिळून विक्रीवर सरासरी 22 टक्के सुटतात. तीन किलोमीटरवरच्या नव्या वसाहतीत एक गाळा मिळतो आहे. भाडे 25 हजार, नोकराचा पगार 14 हजार, वीज व किरकोळ 6 हजार, म्हणजे महिन्याला 45 हजार. 22 टक्क्यांतून एवढे भागवायला सुमारे 2 लाख 5 हजारांची विक्री हवी. एका गिऱ्हाइकाचे बिल सरासरी 80 रुपये धरले, तर रोज पंच्याऐंशी गिऱ्हाइके आली पाहिजेत. त्यांतले दर तिसरे गिऱ्हाईक जुन्याच दुकानातून इकडे वळलेले असेल, तर हाच आकडा तीन लाखांच्या पुढे जातो. म्हणून गाळ्यासमोर उभे राहून माणसे मोजायची ती ऑक्टोबरातल्या किंवा फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी. जूनमधली मोजणी निरुपयोगी.

भाड्यापेक्षाही जड पडतो तो माल. स्टेशनरीत वस्तू लहान पण प्रकार शेकडो. आलेखवही, नकाशे, पाच-सात तऱ्हांच्या रिफिली, सगळे दोन्हीकडे ठेवावे लागते. विक्री दीडपट झाली तरी माल दुप्पट होतो. पडून राहिलेला माल मरतो: पेनांची शाई सुकते, डिंक घट्ट होतो, कागदाच्या कडा पिवळ्या पडतात.

ऑनलाइन विक्रीत गाळा नाही, पण कुरिअर आहे. दोनशे पानी लाँगबुकांचे एक डझन तीन-साडेतीन किलो भरते. सहाशे रुपयांच्या त्या डझनावर 15 टक्क्यांनी 90 रुपये सुटणार आणि परगावी पाठवायला 150 लागणार, तर पार्सल जितकी जास्त तितका तोटा जास्त. हलका माल पाठवतानाही जपावे लागते. कुरिअर कंपन्या बऱ्याचदा लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि येणारे वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तेच धरतात. 75 सेंटीमीटर लांब आणि 10 बाय 10 च्या खोक्यात गुंडाळलेले चार-पाच चार्टपेपर अशा हिशेबाने दीड किलोचे होतात.

कराचाही एक बारकावा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवर जीएसटी शून्य झाला. पण करमुक्त मालासाठी दिलेल्या कमिशनवरचा किंवा कुरिअरवरचा जीएसटी परत मिळत नाही. तो दुकानदाराच्या नफ्यातूनच जातो. देशभर पाठवायला परवडतात ती किंमत जास्त, वजन कमी अशी वस्तू: शाईची पेने, चांगले ब्रश, कॅलिग्राफीचे निब.

शाळेजवळच्या साध्या दुकानाला खरी फायद्याची ऑनलाइन विक्री जवळच असते. पालक व्हॉट्सॲपवर यादीचा फोटो टाकतो, दुकानात संच बांधला जातो आणि दुकानातलाच मुलगा तो संध्याकाळी घरपोच देतो. त्या मुलाचा पगार आणि पेट्रोल मिळून 20 हजार धरले आणि संचाचे बिल 1,800 रुपये, तर एका संचामागे जवळपास 400 सुटतात. महिन्याला पन्नास-एक संच गेले की खर्च निघतो. अडचण ऑगस्टनंतरची. तेव्हा याद्या थांबतात आणि क्लासेस व कार्यालयांच्या ऑर्डरींवर भिस्त राहते. त्यांचे पैसे दीड-दोन महिन्यांनी येतात. उधारीची वही दर आठवड्याला उघडली नाही, तर विक्री वाढलेली दिसते आणि गल्ला रिकामाच राहतो.

अशा दुकानाने आधी एक वर्ष घरपोच विक्री करावी, हे बरे. त्यात एक गोष्ट फुकट हाती येते: पत्ते. कोणत्या सोसायटीतून जूननंतरही ऑर्डरी येत राहिल्या, हे वर्षअखेरीस वहीतच दिसते.

गाळ्याची बाजू भक्कम होते ती झेरॉक्स, प्रिंट आणि लॅमिनेशनमुळे. ही कामे पार्सलने होत नाहीत. उद्याच्या प्रकल्पासाठी रात्री नऊला एक आलेखपत्र मागणारे पोरही उद्याच्या डिलिव्हरीसाठी थांबत नाही. वसाहतीत शाळा किंवा कॉलेज असेल आणि झेरॉक्सचे दुकान नसेल, तर रोजची पंच्याऐंशी माणसे अवघड नाहीत. तरीही लिव्ह अँड लायसन्सचा करार करताना लॉक-इनचा काळ शक्य तितका कमी मागावा. गाळा चालतो की नाही हे ऑगस्ट ते फेब्रुवारीत कळते, आणि तेव्हा बाहेर पडण्याची वाट मोकळी असावी लागते.