खिडकीमागचा आखूड कॉलम

वसईतल्या किंवा विरारमधल्या एखाद्या जुन्या शाळेच्या मागच्या बाजूला उभं राहून भिंतीकडे नीट पाहा. दोन कॉलमच्या मध्ये खाली कमरेएवढी वीटभिंत, तिच्यावर या कॉलमपासून त्या कॉलमपर्यंत लांबलचक खिडकी, आणि खिडकीच्या वर बीमपर्यंत पुन्हा वीटकाम. वर्गात उजेड यावा, खाडीवरचा वारा खेळावा म्हणून केलेली ही रचना आहे, आणि वर्ग म्हणून ती उत्तमच आहे. पण भूकंपाच्या दृष्टीने अशा इमारतीची तपासणी करणारा अभियंता सर्वांत आधी इथेच थांबतो. खिडकीच्या उंचीएवढा जो कॉलमचा तुकडा भिंतींच्या मधून मोकळा दिसतो, त्याच्यावर पुढचा सगळा अहवाल उभा राहतो.

मुळात हा अहवाल म्हणजे नेहमीचं स्ट्रक्चरल ऑडिट नव्हे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला स्थैर्य प्रमाणपत्र लागतं. त्या तपासणीतला प्रश्न असा असतो की इमारत स्वतःचं आणि आतल्या माणसांचं वजन आज पेलते का? ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून सतरा जणांचा जीव गेला, तेव्हा जमीन हलली नव्हती. त्यामुळे हा प्रश्न किती खरा आहे हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. भूकंपाची तपासणी याच्यापुढचा प्रश्न विचारते. हीच इमारत कुणी बाजूने ढकलली तर काय होईल? वजन खाली जातं, भूकंपाचा जोर आडवा येतो. पहिल्या परीक्षेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली इमारत दुसरीत नापास होऊ शकते.

वसई-विरार भूकंपप्रवणतेच्या तिसऱ्या क्षेत्रात येतं. पालघर जिल्ह्याच्या उत्तरेला, डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. बहुतेक धक्के लहान होते, पण घरांना तडे गेले आणि लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. नकाशावरचा क्रमांक पाहून निश्चिंत राहू नये, हे महाराष्ट्र आणखी आधी शिकला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झालं, तेव्हा तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात गणला जात होता. काँक्रीटच्या इमारतीने मोडताना एकदम न तुटता वाकावं, यासाठी सळयांची बांधणी कशी करावी हे सांगणारं आयएस १३९२० हे मानकही त्याच वर्षीचं. त्याआधी बांधलेल्या शाळांच्या कॉलममध्ये तशी बांधणी सापडण्याची शक्यता फार कमी.

आता एक इमारत उदाहरणादाखल घेऊ. ही कुठली विशिष्ट शाळा नाही. १९८५ च्या सुमाराची, तळमजला अधिक दोन मजले, ३० मीटर लांब आणि व्हरांड्यासह साडेआठ मीटर रुंद, अशा नमुन्याच्या इमारती या पट्ट्यात ओळखीच्या आहेत. दर तीन मीटरवर तीन कॉलम, म्हणजे एकूण ३३. प्रत्येक कॉलम २३० बाय ३८० मिलिमीटरचा. भिंती आणि स्लॅब धरून वजन साधारण ८५० टन.

तिसऱ्या क्षेत्रात, शाळेसाठी ठरवलेला दीडपट महत्त्वाचा गुणक लावून आणि जुन्या पद्धतीची सांगाडा-बांधणी धरून, आडवा जोर वजनाच्या १० टक्के येतो. म्हणजे ८५ टन. जुन्या इमारतींसाठीचं मानक, आयएस १५९८८, उरलेलं आयुष्य कमी असल्यामुळे हा जोर ७० टक्क्यांपर्यंत खाली आणू देतं. तेव्हा सुमारे ६० टन धरू. शाळेकडे मूळ आराखडे असतील तर इथे मोठा फरक पडतो. आराखडे हरवले असतील, तर आत काय आहे याची खात्री नसल्यामुळे कॉलमची ताकदही कमी करून धरावी लागते. कपाटातला पिवळा पडलेला नकाशा म्हणूनच जपून ठेवायचा असतो.

हे ६० टन ३३ कॉलमांत सारखे वाटले, तर लांबीच्या दिशेने प्रत्येकाच्या वाट्याला १.८ टन येतात. मानकातल्या प्राथमिक चाचणीप्रमाणे कॉलममधला सरासरी कातरताण दर चौरस मिलिमीटरला सुमारे ०.२३ न्यूटन निघतो. एम-१५ काँक्रीटसाठी मर्यादा आहे ०.३९. इमारत उत्तीर्ण. बरेच अहवाल इथेच संपतात, आणि चूक होते ती इथेच.

कारण जोर सारखा वाटला जात नाही. जो कॉलम जास्त ताठ, तो जास्त जोर ओढून घेतो. कॉलमचा ताठपणा त्याच्या मोकळ्या उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. व्हरांड्याकडच्या कॉलमची मोकळी उंची तीन मीटर. मागच्या रांगेत खाली ९० सेंटीमीटर आणि वर ९० सेंटीमीटर भिंतीने कॉलम आवळून धरलेला, म्हणून हलायला मोकळी उंची फक्त १.२ मीटर. तीन भागिले १.२ म्हणजे अडीच, आणि अडीचचा घन साडेपंधरा. मागचा प्रत्येक कॉलम व्हरांड्याच्या कॉलमपेक्षा पंधरापट ताठ झाला, तोही कुणी ठरवून नव्हे, गवंड्याने विटा कॉलमला भिडवल्या म्हणून. हिशेब सोपा राहावा म्हणून बाकीच्या दोन रांगा मोकळ्या धरल्या, तर मागच्या ११ कॉलमांवर एकूण जोराचा जवळजवळ ९० टक्के भाग येतो. प्रत्येकी ४.८ टन. कातरताण ०.५५, म्हणजे मर्यादेच्या बराच पलीकडे. शिवाय इमारतीची एक बाजू ताठ आणि दुसरी लवचीक झाल्याने ती नुसती डोलत नाही, पिळली जाते.

प्रत्यक्षात भिंतींना तडे गेले की हे प्रमाण बदलतं, व्हरांड्याच्या भिंतीतल्या दारं-झरोक्यांचाही परिणाम होतो. तरी मोडण्याची रीत तीच राहते. आखूड कॉलमवर फुलीसारखा तिरका तडा जातो आणि त्या मजल्याचा भार पेलणारा आधारच नाहीसा होतो. वाकलेला कॉलम पळायला वेळ देतो. कातरून तुटलेला देत नाही. जिन्याच्या मधल्या चौकाचा बीम कॉलमला अर्ध्या उंचीवर टेकतो तिथेही हाच प्रकार होतो, आणि मुलं बाहेर पडणार असतात त्याच जिन्याने.

दुसरा दोष काँक्रीटच्या पोटात आहे. उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगा किती अंतरावर आहेत आणि त्यांचे हूक कसे वळवले आहेत, हे कॉलमचा छोटा भाग उघडून पाहावं लागतं. जुन्या कामात रिंगा २०० ते २५० मिलिमीटरवर आणि हूक काटकोनात वळवलेले सापडतात. काँक्रीटचं कव्हर उडालं की काटकोनातला हूक उघडतो आणि सळया बाहेर फुगतात. हूक १३५ अंशांत आत वळलेला असेल तर तो गाभ्यात रुतून राहतो. सळई वाकवणाऱ्या कारागिराच्या हातचा हा एक पीळ. आज रिंगा जवळ बांधून असा हूक द्यायला खर्च नगण्य येतो, तेव्हा न दिल्याची भरपाई मात्र फार महाग पडते.

तिसरा दोष गंजाचा, आणि समुद्र-खाडीच्या हवेत तो सगळ्यांत कावेबाज. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण शिंपडतात. गुलाबी झालेला भाग अजून सळईला सांभाळतो आहे, रंग न आलेल्या भागाने ते काम सोडलं आहे. रंगहीन थर सळईपर्यंत पोचला असेल, किंवा काँक्रीटच्या भुकटीत क्लोराइड जास्त सापडलं, तर वरून गिलावा कितीही गुळगुळीत असो, आत गंज चालू आहे असं समजायचं. हातोडीच्या टोकाने ठोकत गेलं की पोकळ वाजणाऱ्या जागा कानालाच कळतात.

आता उपायांची क्रमवारी. ती केवळ खर्चावर लावायची नाही. कुठला उपाय सर्वांत आधी होणारी मोडतोड थांबवतो आणि मे महिन्याच्या सुट्टीत बसतो, हे दोन्ही पाहून लावायची.

पहिला क्रमांक ताबडतोबीच्या कामांचा. गच्चीचा मोकळा पॅराफिट मागून बांधून घेणं, जिन्यावरची पाण्याची टाकी हलवणं, वर्गातली कपाटं भिंतीला पक्की करणं, जिन्याखालची अडगळ काढणं. याला कुठलंही मोठं गणित लागत नाही आणि पुढच्या कुठल्याही कामाच्या आड ते येत नाही.

दुसरा क्रमांक गंजदुरुस्तीचा. पोकळ काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढून, सळई घासून, झिजली असेल तर जोडसळई देऊन पुन्हा भरायचं. हे न करता वर काहीही चढवलं तर ते ढलपीवर चढवल्यासारखं होतं.

तिसरा उपाय खिडक्यांचा. भिंत आणि कॉलम यांच्यात, खाली आणि वर, सुमारे २५ मिलिमीटरची फट कापायची आणि ती दबणाऱ्या पदार्थाने भरून पाण्यापासून बंद करायची. कॉलम पुन्हा तीन मीटर मोकळा झाला की आपल्या हिशेबात त्याचा वाटा ४.८ टनांवरून १.८ टनांवर येतो. एवढ्या थोड्या खर्चात एवढा फरक दुसऱ्या कुठल्या कामाने पडत नाही. पण याला दोन अटी आहेत. कापलेली भिंत आता एकटी उभी राहते, म्हणून तिला काँक्रीटचा पट्टा आणि पोलादी पकड द्यावी लागते, नाहीतर तीच मुलांवर पडेल. आणि इमारत आधीपेक्षा जास्त डोलणार, तर कॉलमांतल्या रिंगा कमकुवतच आहेत. म्हणून हा उपाय एकट्याने पुरत नाही.

चौथा उपाय त्याच्या जोडीचा आहे. मागच्या आणि व्हरांड्याच्या रांगेत, दोन्ही टोकांना, एकेका गाळ्यात १५० मिलिमीटर जाडीची काँक्रीटची भिंत पायापासून गच्चीपर्यंत उभारायची. अशा चार भिंतींवर प्रत्येकी १५ टन येतात आणि अडीच मीटर लांबीच्या भिंतीत ताण सुमारे ०.४ राहतो, जो तिला झेपतो. डोलणं आवरतं, आणि भिंती समोरासमोर असल्याने पिळवटणंही कमी होतं. टोकाच्या वर्गाची एक खिडकी मात्र जाते. अवघड भाग पायाचा. खाजणाच्या मऊ जमिनीत भिंतीचं एक टोक उचलू पाहतं, म्हणून माती तपासून नवा पाया जुन्याशी बांधावा लागतो, आणि खोदाई पावसाआधी, पाण्याची पातळी खाली असतानाच व्हायला हवी.

पाचव्या क्रमांकावर सगळ्या कॉलमांचं जॅकेटिंग. ठेकेदार बहुधा हेच पहिलं सुचवतात. चारी बाजूंनी १०० मिलिमीटर काँक्रीट चढवलं की कॉलम ४३० बाय ५८० चा होतो. ताकद खरोखर वाढते, पण नव्या सळया स्लॅबमधून आरपार वर गेल्या पाहिजेत. त्या स्लॅबखालीच थांबल्या तर जोडाची जागा, जी सर्वांत आधी तुटते, तशीच राहते. आणि ३३ कॉलम तीन मजल्यांवर उघडायचे तर एक सुट्टी पुरत नाही. म्हणून जॅकेट फक्त नव्या भिंतींलगतच्या आणि जिन्याच्या कॉलमांना द्यावं. कार्बनच्या कापडाचं वेष्टन कॉलमला आवळतं, कातरताण झेलायला मदत करतं. इमारतीचं डोलणं त्याने फारसं कमी होत नाही, आणि गंजत्या सळईवर ते गुंडाळलं तर गंज झाकला जातो, थांबत नाही.

शेवटचा पर्याय पाडून नवं बांधण्याचा. गाभ्याच्या नमुन्यांत काँक्रीटच फार हलकं निघालं आणि बहुतेक कॉलमांत क्लोराइड खोल गेलं असेल, तर वरची यादी बाजूला ठेवून याच पर्यायाकडे वळावं.

२६ जानेवारी २००१ ला झालेल्या भूजच्या भूकंपाचा केंद्रबिंदू अहमदाबादपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर होता. तरी अहमदाबादेत मणिनगरच्या शाळेची इमारत कोसळली आणि आतली मुलं गेली. म्हणून शाळा समितीच्या हातात अहवाल आला की पहिल्या पानावरच्या ‘इमारत सुरक्षित’ या शिक्क्याच्या आधी एक आकडा शोधावा. खिडकीच्या रांगेतल्या कॉलमची मोकळी उंची किती धरली आहे? तीन मीटर लिहिली असेल आणि खिडकी १.२ मीटरची असेल, तर तो अहवाल कागदावरच्या दुसऱ्याच इमारतीचा आहे. तो परत पाठवावा, आणि तपासणाऱ्याला मागच्या अंगणात नेऊन ती खिडकी दाखवावी.