प्रश्न तीस सेकंदांचा आहे का?

महाविद्यालयाच्या वाणिज्य मंडळाने संध्याकाळची प्रश्नमंजूषा घ्यायची म्हटली की तयारी प्रश्न गोळा करण्यापासून सुरू होते. मला वाटते, ती घड्याळापासून सुरू व्हावी. सभागृह दोन तासांसाठी मिळालेले असते, कुणाला शेवटची एसटी गाठायची असते, कुणाला वसतिगृहाचे दार बंद होण्याआधी पोचायचे असते. सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा थोडी लांबली तरी चालून जाते. हिशेबाच्या प्रश्नांचे तसे नाही. तिथे मुले कागद-पेन घेऊन आकडे मांडत असतात आणि एक चुकीचा बेतलेला प्रश्न अख्खी फेरी खाऊन टाकतो.

सहा संघ, लेखाकर्म, वित्त आणि कर अशा तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत दहा प्रश्न असे धरू. जुन्या पद्धतीने प्रश्न एका संघाला विचारला आणि उत्तर आले नाही की तो पुढे सरकतो. पहिल्या संघाला तीस सेकंद, पुढच्या पाचांना प्रत्येकी दहा दिले, तर एकच प्रश्न ऐंशी सेकंद घेऊ शकतो किंवा पाच सेकंदांतही संपतो. फेरी किती चालेल, ते आधी सांगताच येत नाही. शिवाय गणिती प्रश्नात हे अन्यायाचे आहे, कारण शेवटच्या संघाला आकडेमोड करायला पहिल्याच्या दुपटीहून जास्त वेळ मिळतो. म्हणून सगळ्यांना एकच प्रश्न द्यावा आणि उत्तर चिठ्ठीवर घ्यावे. वाचायला वीस सेकंद, सोडवायला तीस, चिठ्ठ्या गोळा करायला वीस, उत्तर समजावून गुण फळ्यावर मांडायला पन्नास. म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटे. दहा प्रश्नांना वीस मिनिटे, तीन फेऱ्यांना एक तास. उरलेल्या तासात स्वागत, प्रेक्षकांचे प्रश्न, हरकती आणि बक्षिसे आरामात बसतात.

आता खरा प्रश्न असा, की तीस सेकंदांत काय सुटते? पाठ्यपुस्तकातले उदाहरण जसेच्या तसे उचलले की इथेच फसगत होते. हे पाहा : ८७,५०० रुपयांचे यंत्र १ ऑक्टोबरला घेतले, उभारणीला १२,५०० रुपये लागले, घसारा दरसाल १० टक्के घटत्या शिल्लक पद्धतीने, हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते, तिसऱ्या हिशेबी वर्षाच्या शेवटी यंत्राची पुस्तकी किंमत किती? उत्तर ७६,९५० रुपये. पण तिथवर जाण्यासाठी उभारणीचा खर्च मिळवायचा, पहिल्या वर्षी सहाच महिन्यांचा घसारा काढायचा आणि मग आणखी दोनदा वजाबाकी करायची. चांगला अभ्यास असलेल्या मुलालाही यात मिनिटभर जाते. तीस सेकंदांनंतर घंटा वाजली तर अर्ध्या चिठ्ठ्या कोऱ्या येतात, आणि कुणाला येत नव्हते व कुणाला वेळ पुरला नाही हे कळायला मार्ग राहत नाही.

यात तपासण्याजोग्या गोष्टी दोनच आहेत : उभारणीचा खर्च यंत्राच्या किमतीत धरतात का, आणि घसारा खरेदीच्या तारखेपासून काढतात का. त्या दोन्ही पहिल्याच वर्षात येऊन जातात. मग विचारावे, ‘पहिल्या वर्षीचा घसारा किती?’ एक लाखाचे दहा टक्के, त्याचे निम्मे, पाच हजार. उभारणी विसरलेला संघ ४,३७५ लिहील, तारीख विसरलेला १०,००० लिहील. चिठ्ठी पाहताच चूक कुठे झाली ते दिसते आणि उत्तर समजावताना क्विझमास्टरला बोलायलाही काही मिळते. प्रत्येक प्रश्नाची हीच परीक्षा घ्यावी : ज्याने तो रचलेला नाही अशा दोन विद्यार्थ्यांना आधी सोडवायला द्यावा. दोघांचे पेन वीस सेकंदांत थांबले, तर तो तीस सेकंदांचा प्रश्न.

वित्ताच्या फेरीत बझर शोभतो, कारण तिथे आकडेमोड थोडी आणि समज जास्त लागते. शेअरचा भाव वीस टक्के पडला, आता मूळ भावावर यायला किती टक्के वाढायला हवा? घाईत ‘वीस’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. शंभराचे ऐंशी झाले, ऐंशीवर वीस म्हणजे पंचवीस टक्के. अशा प्रश्नाला चुकीच्या बझरचे गुण कापायलाच हवेत, नाहीतर मुले नुसती बटणे दाबत राहतात.

सगळ्यात जपून रचायची ती कराची फेरी. ‘बारा लाखांच्या करपात्र उत्पन्नावर आयकर किती?’ हा प्रश्न साधा दिसतो, पण २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी त्याची दोन बरोबर उत्तरे आहेत. नव्या करप्रणालीत कर ६०,००० निघतो आणि तेवढीच सूट मिळून तो शून्य होतो. जुन्या प्रणालीत, साठ वर्षांखालच्या व्यक्तीला, उपकरासह १,७९,४०० रुपये. उत्पन्नात शेअरविक्रीचा भांडवली नफा असेल तर शून्यही खरे राहत नाही, कारण त्यावरच्या विशेष दराच्या कराला ही सूट लागू नाही. म्हणून वर्ष, प्रणाली, निवासी व्यक्ती आणि उत्पन्न कशाचे, या चार गोष्टी प्रश्नातच लिहिलेल्या हव्यात. तेवढ्याने प्रश्न लांबत असेल तर वाचायला दहा सेकंद वाढवावीत, पण अट गाळू नये.

कर-प्रश्नांचे वयही लवकर संपते. जीएसटीचे बहुतेक दर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच आणि अठरा टक्क्यांत आले, तर नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आणि कलमांचे क्रमांकच बदलले. गेल्या वर्षीची प्रश्नपेढी त्यामुळे धोक्याची. ‘कोणते कलम’ असे विचारूच नये, आणि तरतुदी कोणत्या तारखेच्या धरल्या आहेत ते फेरीच्या पहिल्या पडद्यावर लिहावे. हरकत आली तर तीच तारीख निकाल देते.

दरांपेक्षा कारण विचारणारा प्रश्न जास्त टिकतो आणि रंगतोही. महाराष्ट्रात बऱ्याच नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर दरमहा २०० रुपये कापला जातो, मग फेब्रुवारीतच ३०० का? घरी आईवडिलांची पगारचिठ्ठी पाहिलेली मुले इथे सरसावून बसतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार हा कर एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. अकरा महिन्यांचे २,२०० होतात, उरलेले ३०० फेब्रुवारीत. उत्तर पाठ नसले तरी कमाल मर्यादेची कल्पना असलेला संघ ते तीस सेकंदांत शोधून काढू शकतो.

प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हींत दाखवावेत. अकरावी-बारावीत घसारा, तेरीज, नावे-जमा शिकलेल्या मुलांचा वेळ शब्द उलगडण्यात जाऊ नये. हरकतींसाठी एक प्राध्यापक किंवा व्यवसायातले सीए परीक्षक म्हणून बसवावेत. एका संघाला एका फेरीत एकच हरकत, आणि तीही पुढचा प्रश्न सुरू होण्याआधी.

बरोबरी झाली तर काय, हेही आधीच ठरवून जाहीर करावे. अशा वेळी मी जवळच्या आकड्याचा प्रश्न ठेवीन : एक लाख रुपये आठ टक्के वार्षिक चक्रवाढीने वीस वर्षांनी किती होतील? कॅल्क्युलेटर नाही, एक मिनिट, जो जवळ तो जिंकला. नेमके उत्तर ४,६६,०९६ रुपये. बहात्तरला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे साधारण कळतात, हे ज्याला ठाऊक आहे तो नऊ वर्षांत दोन लाख, अठरा वर्षांत चार लाख धरतो आणि उरलेल्या दोन वर्षांचे व्याज मिळवून ४,६६,५६० लिहितो. नेमक्या उत्तरापासून तो ४६४ रुपयांवर असतो.