९५, ७८.५ आणि ४७

‘सायन्स’ या अमेरिकी नियतकालिकाच्या ४ मार्च २०१६ च्या अंकात दोन छोटी टिपणे एकापाठोपाठ छापून आली. पहिले आक्षेपाचे होते. ज्यांच्या शोधनिबंधावर आक्षेप घेतला, त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे दुसरे टिपण. विज्ञानात ही जुनी वहिवाट आहे. प्रसिद्ध झालेल्या निबंधातल्या आकडेमोडीवर कोणाला हरकत असेल, तर ती हरकत तपासून मूळ लेखकांकडे पाठवतात आणि त्यांचे उत्तर तिच्याबरोबरच छापतात. अशी बहुतेक उत्तरे त्या विषयाच्या चार अभ्यासकांपलीकडे कोणी वाचत नाही. हे उत्तर मात्र प्रत्येकाने वाचावे असे मला वाटते. त्यात मध्यवर्ती असलेला मुद्दा सोपा आहे, आणि तरीही तिथेच भल्याभल्यांची चूक होते.

मूळ निबंध ऑगस्ट २०१५ मधला. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने २७० लेखकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध प्रयोग नव्याने करून पाहिले. मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्के प्रयोगांत निकाल संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीला उतरला होता. नव्याने केल्यावर तो फक्त ३६ टक्के प्रयोगांत उतरला. परिणामाचा जोर सरासरीने जवळपास निम्म्यावर आला. लेखकांनी तुलनेसाठी आणखी एक मोजमाप वापरले होते आणि पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरला. नव्या प्रयोगाच्या उत्तराभोवती अनिश्चिततेचा पट्टा आखायचा आणि मूळ प्रयोगाचे उत्तर त्यात पडते का ते पाहायचे. ४७ टक्के प्रयोगांत ते पडले.

वर्तमानपत्रांनी या निबंधाचा अर्थ ‘मानसशास्त्रातले निम्म्याहून अधिक संशोधन टिकत नाही’ असा लावला. त्यावर हार्वर्डचे डॅनियल गिल्बर्ट, गॅरी किंग, स्टीफन पेटिग्रू आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचे टिमोथी विल्सन या चौघांनी आक्षेप पाठवला. विल्सन आणि नोसेक एकाच विद्यापीठात, एकाच विभागात काम करणारे. आक्षेपाचा सूर कडक होता. ही आकडेवारी नीट वाचली तर उलटाच निष्कर्ष निघू शकतो, मानसशास्त्राची पुनरावृत्तिक्षमता चांगली उच्च आहे असेही तिच्यातून म्हणता येते, असे त्यांचे म्हणणे.

त्यांची पहिली तक्रार अशी की बरेच नवे प्रयोग मूळ प्रयोगांसारखे नव्हतेच. एका मूळ प्रयोगात स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना तिथल्याच विद्यार्थ्यांची चित्रफीत दाखवली होती. तिच्यात प्रवेशाच्या धोरणाबद्दल चर्चा चालते. नवा प्रयोग अ‍ॅमस्टरडॅममध्ये झाला. डच विद्यार्थ्यांना त्या चर्चेतली ठिणगी तशीच जाणवणार का? प्रश्न रास्त होता. दुसरी तक्रार पूर्णपणे संख्याशास्त्राची होती. निव्वळ योगायोगानेही काही प्रयोग फसणारच, तेव्हा किती फसणे अपेक्षित आहे हे आधी ठरवा, असे त्यांनी म्हटले. ते ठरवायला त्यांनी २०१४ च्या एका मोठ्या प्रकल्पाची माहिती घेतली. त्या प्रकल्पात तेच प्रयोग ३६ ठिकाणी झाले होते. एका ठिकाणचा निकाल ‘मूळ’ धरला, तर दुसऱ्या ठिकाणचे निकाल त्याच्या पट्ट्यात बसतात का, हे त्यांनी मोजले. जवळपास एक तृतीयांश बसत नव्हते. निव्वळ योगायोगाचा वाटा मात्र त्यांनी ५ टक्केच धरला, कारण पट्टा ९५ टक्क्यांचा.

नोसेक यांच्या गटाचे उत्तर क्रिस्टोफर अँडरसन आणि सहकाऱ्यांच्या नावे आले. त्याने नेमके या ५ टक्क्यांवर बोट ठेवले.

हे समजायला एक काल्पनिक प्रयोग घेऊ. कॉफी प्यायल्यावर पाठांतराच्या चाचणीत किती गुण जास्त मिळतात हे कोणी मोजले आणि उत्तर १० आले. नमुना मर्यादित असल्याने या उत्तरात प्रमाणित त्रुटी ३ गुणांची आहे. म्हणून ९५ टक्क्यांचा पट्टा साधारण ४ ते १६ असा पडतो. आता दुसऱ्या शहरात तेवढ्याच लोकांवर, अगदी तसाच प्रयोग झाला. कॉफीचा खरा परिणामही दोन्हीकडे तोच आहे असे धरू. दुसरे उत्तर ४ ते १६ मध्ये पडण्याची शक्यता किती?

बहुतेक जण ९५ म्हणतात. खरे उत्तर सुमारे ८३ आहे. पट्टा आखला तो १० भोवती, आणि १० हा काही खरा आकडा नव्हे, तोही अंदाजच. खरा परिणाम ७ असेल, तर पट्टा आधीच वर सरकलेला आहे. दुसरा प्रयोग स्वतःच्या योगायोगाने ७ च्या खाली किंवा वर जाणार. म्हणजे दोन ठिकाणची चूक एकत्र येते. दोन्ही त्रुटी ३ असल्या, तर दोन उत्तरांतल्या फरकाची त्रुटी ३ गुणिले २ चे वर्गमूळ, म्हणजे साधारण ४.२ होते. पट्ट्याची अर्धी रुंदी मात्र ६ च्या आसपासच राहते. या हिशोबाने १०० पैकी १७ वेळा दुसरे उत्तर पट्ट्याबाहेर पडते, आणि त्यात कोणाचीही चूक नसते. ९५ हा आकडा एकाच परिस्थितीत खरा ठरेल: दुसऱ्या प्रयोगात माणसे अनंत असतील आणि त्याच्या उत्तरात चूक शून्य असेल तर.

नोसेक यांच्या गटाचे मोजमाप उलट बाजूने होते. पट्टा नव्या प्रयोगाभोवती आणि बिंदू मूळ प्रयोगाचा. नव्या प्रयोगांत माणसे बहुधा जास्त होती, त्यामुळे त्यांचा पट्टा अरुंद. कॉफीच्या उदाहरणात नव्या प्रयोगाची त्रुटी ३ ऐवजी २ धरली, तर पट्टा दोन्ही बाजूंनी ४ चाच उरतो, आणि मूळ उत्तर त्यात पडण्याची शक्यता सुमारे ७२ टक्क्यांवर येते. नवा प्रयोग जितका नेटका, तितके जुने ढोबळ उत्तर त्याच्या पट्ट्याबाहेर राहण्याची शक्यता जास्त. पहिल्यांदा वाचताना हे उफराटे वाटते, पण हिशोब तोच आहे. उत्तराच्या लेखकांनी मूळ निबंधातल्या प्रयोगांचे प्रत्यक्ष आकार घेऊन हाच हिशोब केला. सगळे मूळ निष्कर्ष खरे असते आणि फक्त नमुन्याचा योगायोग आड आला असता, तर ७८.५ टक्के प्रयोग जुळायला हवे होते. प्रत्यक्षात जुळले ४७ टक्के.

या आकड्याची कात्री दोन्ही बाजूंनी चालते, आणि मला या उत्तराबद्दल आदर वाटतो तो इथेच. ९५ धरले तर अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत ४८ टक्क्यांची दरी दिसते. ७८.५ धरले की ती ३१.५ वर येते. म्हणजे दुरुस्तीने उत्तर देणाऱ्यांच्याच धक्कादायक निष्कर्षाची धार थोडी कमी झाली. पण योगायोगाचा वाटा ५ टक्केच धरून उरलेले सगळे अपयश प्रयोगांतल्या फरकाच्या माथी मारण्याची वाटही तिने बंद केली. योगायोग आक्षेपकांना वाटला त्याहून बराच मोठा होता.

मूळ निबंधातली एक गोष्ट या वादात मागे पडली, आणि ती माझ्या मते सगळ्यात बोलकी आहे. ज्या ९९ प्रयोगांत दोन्ही वेळचा परिणाम मोजता आला, त्यांतल्या ८२ मध्ये मूळ परिणाम मोठा होता. निव्वळ योगायोगाला वर-खाली असा पक्षपात नसतो, त्याने निम्मे वर आणि निम्मे खाली गेले असते. एकाच बाजूला ८२ जातात तेव्हा आधीच चाळणी लागलेली असते. नियतकालिके ठळक निकाल छापतात. योगायोगाने फुगलेला परिणाम ठळक दिसतो, म्हणून तो छापला जातो आणि पुन्हा मोजल्यावर खाली येतो. मूळ संशोधकाने काही लपवले नसले, तरीही हे घडते.

आक्षेपकांकडे आणखी एक वजनदार आकडा होता. मूळ संशोधकांनी ज्या नव्या आराखड्यांना आधी मान्यता दिली होती, त्यांतले ५९.७ टक्के प्रयोग यशस्वी झाले. ज्यांना मान्यता दिली नव्हती, त्यांतले १५.४ टक्केच. फरक प्रचंड आहे. यावरून आराखडे सदोष होते, हे सिद्ध होते का? उत्तराने सांगितले की हा निव्वळ सहसंबंध आहे, त्यावरून कारण ठरवता येत नाही. मान्यता देणे न देणे हे यदृच्छेने वाटून दिलेले नव्हते. आपल्या निष्कर्षाबद्दल मनातून ठाम असलेला संशोधक सहज मान्यता देईल, आणि ज्याला स्वतःच्या निकालाची खात्री नाही तो हात आखडता घेईल. तसे असेल तर मान्यता नसलेले प्रयोग मुळातच कमजोर असतील, आराखडा कितीही चोख असला तरी. उत्तराने हे दुसरे स्पष्टीकरण खरे आहे असे म्हटले नाही. दोन्ही शक्यता खुल्या आहेत आणि या आकड्याने त्यांत निवड करता येत नाही, इतकेच म्हटले. पुनरावृत्तिक्षमतेबद्दल आशावादी निष्कर्षही काढता येतो आणि निराशावादीही, पण दोन्हीसाठी पुरेसा आधार अजून नाही, असा समारोप करून लेखकांनी स्वतःच्या बाजूचाही दावा आवरता घेतला.

आराखड्यांचा प्रश्न कागदावर सुटणारा नव्हता, त्याला प्रयोगच लागणार होता. तो २०२० मध्ये ‘मेनी लॅब्ज ५’ या नावाने प्रसिद्ध झाला. मूळ संशोधकांनी माहिती गोळा होण्याआधीच ज्यांच्या आराखड्यावर हरकत घेतली होती, असे १० प्रयोग निवडले गेले. त्यांचे आराखडे तज्ज्ञांकडून तपासून सुधारून घेतले. मग जुना आणि सुधारलेला असे दोन्ही आराखडे अनेक प्रयोगशाळांत, एकूण सुमारे १४ हजार लोकांवर चालवले. परिणामाचा जोर सहसंबंधांकात मोजला, तर मूळ प्रयोगांचा मध्यक ०.३७ होता. पहिल्या पुनरावृत्तीत तो ०.११ आला होता. आता जुन्या आराखड्याने तो ०.०४ आला, आणि सुधारलेल्या आराखड्याने ०.०५.

या दहा प्रयोगांपुरते तरी आराखडा सुधारल्याने जवळजवळ काही बदलले नाही. मात्र ते १०० मधून यदृच्छेने उचललेले नव्हते. हरकत घेतली गेली होती म्हणूनच ते निवडले होते, आणि त्यांतला एकच पहिल्या पुनरावृत्तीत कसोटीला उतरला होता. उरलेल्या ९० प्रयोगांबद्दल या आकड्यांवरून काही ठरवता येत नाही.