पाऊण ते दीड, मिसळ

मराठी माणसाच्या फोनवर प्रेमाची सुरुवात बरेचदा एका ठरलेल्या प्रश्नाने होते: ‘जेवलीस का?’ त्याचं ‘J1 झालं का?’ हे संक्षिप्त रूप इतकं चेष्टेचा विषय झालंय, की आता ते गंभीरपणे पाठवायची कुणाची हिंमत होत नाही. खरं तर प्रश्नात वाईट काही नाही. अडचण एवढीच, की तो चौकशी करतो, बोलावत नाही. ‘हो’ असं उत्तर आलं की विषय संपतो आणि पाठवणारा पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन उभा राहतो.

‘जेवलास का’पासून ‘जेवायला येतोस का’पर्यंतचं अंतर व्याकरणाच्या दृष्टीने दोन शब्दांचं आहे. तिशीतल्या, दिवसभर कामाला जुंपलेल्या दोन माणसांना ते पार करायला दोन-दोन महिने लागतात.

एक जोडी डोळ्यांसमोर आणू. ती आर्किटेक्ट, ऑफिस बॅलार्ड इस्टेटला. तो सीए, बसतो हॉर्निमन सर्कलजवळ. दोन्ही ऑफिसांत चालत दहा मिनिटांचं अंतर. एका सामाईक मित्राच्या वास्तुशांतीला दोघांची ओळख झाली. नाश्त्याला मिसळ होती आणि तीवरून दोघांची जुंपली. तो कोल्हापूरचा, त्यामुळे मिसळ ब्रेडबरोबरच. ती दादरची, त्यामुळे पावाशिवाय मिसळ म्हणजे तिच्या मते नुसतीच उसळ. वाद अर्धवट राहिला, नंबरांची देवाणघेवाण झाली. आता पुढचा मेसेज तिला पाठवायचाय.

तिच्या मनात आलेला पहिला मसुदा असा असू शकतो: ‘हाय, कधीतरी भेटूया ना जेवायला!’ यावर ‘हो, नक्की!’ असं उत्तर येईल, सोबत अंगठा येईल आणि दोघं वर्षभर भेटणार नाहीत. मराठीत ‘या एकदा घरी’ हे आमंत्रण नसतं, तो निरोप असतो. खरं आमंत्रण ‘रविवारी बाराला या, पुरणपोळ्या आहेत’ असं असतं. वार, वेळ आणि पानात काय आहे हे कळलं की मगच माणूस चपला शोधायला लागतो.

दुसरा मसुदा उलट्या टोकाचा: ‘पुढच्या आठवड्यात कधीही चालेल, फोर्ट, चर्चगेट, तुम्ही म्हणाल तिथे, तुम्ही म्हणाल ते.’ वरवर पाहता हा केवढा मोठेपणा! प्रत्यक्षात तिने सगळं काम त्याच्यावर ढकललं. आता त्याने कॅलेंडर उघडायचं, जागा शोधायची, तिला काय आवडेल याचा अंदाज बांधायचा. समोर ऑडिटच्या फायली असताना हे काम ‘संध्याकाळी बघू’ या कप्प्यात जातं आणि तिथेच राहतं. कामात बुडालेल्या माणसासाठी सोयीचा मेसेज तो, ज्यात होकार सोडून बाकी सगळं आधीच ठरलेलं असतं.

मग दुपारच का? संध्याकाळ काय वाईट? संध्याकाळचं जेवण कधी संपेल ते आधी सांगता येत नाही. कपडे काय घालायचे, परतीची लोकल कुठली, घरी काय सांगायचं, असे दहा प्रश्न त्याच्यामागून येतात. दुपारला मात्र घड्याळाची भिंत असते. गप्पा रंगल्या नाहीत तरी पाऊण तासात सुटका आहे आणि रंगल्या तर ‘अरे, एवढ्यात वाजले?’ असं म्हणायची मजा आहे. याच हिशेबावर अमेरिकेत अख्खा धंदा उभा राहिला. अँड्रिया मॅकगिंटी यांनी १९९१ मध्ये शिकागोत जोडी जुळवणारी एक संस्था काढली आणि नाव ठेवलं ‘इट्स जस्ट लंच’. नुसतं जेवण तर आहे, एवढाच त्या नावाचा अर्थ. कामात गुंतलेल्या नोकरदारांना त्या नावातूनच अर्धा दिलासा मिळत होता.

मुंबईत मात्र दुपारच्या जेवणाची एक अडचण आहे आणि ती कुठल्या अमेरिकन पुस्तकात सापडणार नाही: डबा. ‘आज एक वाजता भेटायचं?’ असा मेसेज अकराला पाठवला, तर तोवर घरून निघालेला डबा गाडीत असतो. आईने पहाटे उठून केलेली भाजी ऑफिसातल्या शिपायाला देऊन मिसळ खायला जाणं कोल्हापूरच्या मुलाच्या जिवावर येतं. म्हणून मेसेज किमान आदल्या संध्याकाळपर्यंत पोचायला हवा, म्हणजे घरी ‘उद्या डबा नको’ एवढं सांगता येतं. दोन दिवस आधी पोचला तर उत्तमच. आठवडाभर आधी पाठवला, तर मात्र त्याला समारंभाचं वजन येतं.

वार निवडतानाही जरा डोकं लावावं लागतं. सीएला जुलैमध्ये काही विचारूच नये, कारण रिटर्नांच्या गर्दीत तो स्वतःच्या बहिणीलाही ओळखत नाही. ऑगस्ट उजाडला की श्रावण. सोमवार त्याच्या उपासाचा असू शकतो, शिवाय आठवड्याची सुरुवात. गुरुवार, शनिवारही कुणाकुणाचे उपास असतात आणि मध्येच संकष्टी येते, ती कॅलेंडरवर पाहून घ्यावी. उरला बुधवार. वेळ पाऊणची. एकला फोर्टातल्या सगळ्या ऑफिसांचे दरवाजे एकदम उघडतात आणि उपाहारगृहात टेबलामागे माणसं उभी राहतात. पाऊणला बसायला जागा मिळते. दोघांना पाच-पाच मिनिटं चालत येईल अशी मधली जागा निवडायची. मिसळ लगेच पुढ्यात येते, म्हणजे हातात निवांत अर्धा तास उरतो. बॅलार्ड इस्टेटमधलं ‘ब्रिटानिया’ १९२३ पासूनचं, तिथला बेरी पुलाव कुणालाही आवडेल. पण पहिल्याच भेटीला एवढं मोठं नाव काढलं की आमंत्रणही उगाच मोठं वाटायला लागतं.

आता खरा प्रश्न, खट्याळपणाचा. समोरासमोर भुवई उंचावली की काम होतं, फोनच्या पडद्यावर ती सोय नाही. जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांनी उपरोधिक आणि गंभीर वाक्यं ईमेलने पाठवली आणि वाचणाऱ्याला त्यातला सूर ओळखायचा होता. पाठवणाऱ्यांना वाटत होतं, शंभरातल्या सुमारे ७८ वेळा बरोबर ओळखतील. प्रत्यक्षात प्रमाण निघालं ५६ च्या आसपास, म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा थोडंसंच बरं. कारण सरळ आहे. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा आवाज वाजत असतो, वाचणाऱ्याला फक्त अक्षरं दिसतात.

म्हणूनच ‘तुमच्यासारखी माणसं फार धोकादायक असतात हं’ छापाचं वाक्य तिने टाळावं. वाचणारा पाच मिनिटं विचार करेल की आपण काय केलं. त्यापेक्षा दोघांनी एकत्र पाहिलेल्या प्रसंगाला धरून केलेली थट्टा सुरक्षित, कारण तिचा सूर दोघांच्या आठवणीत आधीच बसलेला असतो. इथे मिसळीचा वाद आयता हाताशी आहे. एक खोडकर वाक्य पुरे, दुसरं आलं की वाचणाऱ्याला दम लागतो.

मराठीत आणखी एक पेच असतो आणि इंग्रजीत लिहिणारे त्यातून सुखाने सुटतात: तू की तुम्ही? वास्तुशांतीत दोघं एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत होते. मेसेजात एकदम ‘तू’ आलं तर आगाऊपणा वाटतो. ‘तुम्ही’ ठेवलं तर ती बँकेच्या नोटिशीसारखी दिसते. यावर मराठीनेच उपाय करून ठेवलाय: ‘खाऊया’, ‘भेटूया’. हा ‘-ऊया’ दोघांना एका बाकावर बसवतो आणि तू-तुम्हीचा निकाल पुढे ढकलतो. पुढे तो निकाल समोरच्याने द्यावा. त्याच्या उत्तरात ‘तू’ आलं, तर होकारापेक्षाही मोठी बातमी कळली म्हणायची.

शेवटी, नकाराची वाट. ती मेसेजातच मोकळी ठेवावी. फ्रान्समध्ये निकोला गेगें आणि अलेक्सांद्र पास्कुआल यांनी २००० मध्ये रस्त्यावर एक प्रयोग केला. अनोळखी माणसाकडे बसभाड्यासाठी सुटे पैसे मागायचे आणि निम्म्यांना पुढे एवढंच सांगायचं, की द्यायचे की नाही हे सर्वस्वी तुमच्यावर आहे. नुसतं मागितल्यावर दहातल्या एकाने पैसे दिले, हे वाक्य जोडल्यावर जवळपास निम्म्या लोकांनी. बसभाडं आणि मिसळ यांत फरक आहे, समोरासमोरची विनंती आणि मेसेज यांतही आहे. पण दार उघडं दिसलं की आत यायला माणूस कचरत नाही, एवढं त्यातून दिसतं.

हे सगळं जमवून तिचा मेसेज असा होतो:

‘बुधवारी पाऊण ते दीड, फोर्टात मिसळ खाऊया? ब्रेडवाल्यांनी बाजू मांडायची, पाववाले ऐकून घेतील. हरणाऱ्याने बिल द्यायचं. मला हरायला हरकत नाही, पण सहजासहजी नाही. बुधवार अडचणीचा असेल तर “नाही” चालेल, मिसळ कुठे पळून जात नाही.’

फोनवर न सरकवता सगळं दिसतं. वार, वेळ, संपायची वेळ, जागा आणि पदार्थ पहिल्याच वाक्यात आले. बिलाचा अवघड प्रश्न खेळात विरघळला. ‘सहजासहजी नाही’ हा एकच चिमटा. गंमत म्हणजे सुटकेच्या वाक्यातच पुढच्या वेळेची जागाही राहिली.

पाठवल्यावरचा काळ कठीण. व्हॉट्सॲपने २०१४ च्या नोव्हेंबरात निळ्या खुणा आणल्या आणि वाट पाहणाऱ्यांच्या जिवाला नवा घोर लावला. खूण निळी झाली, उत्तर नाही, म्हणून खाली एकटं प्रश्नचिन्ह पाठवण्याचा मोह होतो. तो आवरावा. तो क्लायंटसमोर बसलेला असू शकतो. आलेलं उत्तर मात्र नीट वाचावं. ‘बुधवारी जमत नाही, शुक्रवारी?’ हा होकार आहे. ‘या आठवड्यात जरा गडबड आहे’ आणि पुढे दुसरा वार नाही, तर तो सभ्य नकार. ‘बघतो’ या शब्दाचा अर्थ महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. त्यावर फार तर पंधरा दिवसांनी एकदा विचारावं, तिसऱ्यांदा नाही.

आणि काही ठिकाणी हा मेसेज मुळातच पाठवू नये. समोरचा माणूस हाताखाली काम करणारा असेल, त्याची पगारवाढ किंवा रजा पाठवणाऱ्याच्या सहीवर अवलंबून असेल, तर ‘नाही चालेल’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. नाही म्हणायची किंमत त्याला ठाऊक असते. बाईला नको असताना कामाच्या ठिकाणी असे मेसेज येत राहिले, तर ती २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याखाली अंतर्गत समितीकडे तक्रार करू शकते. प्रोजेक्टच्या ग्रुपवरून उचललेला नंबरही याच सावधगिरीत येतो. तो कामासाठी दिलेला असतो, मिसळीसाठी नाही.

आपल्या जोडीत तसं काही नव्हतं. दोन तासांनी, क्लायंट गेल्यावर, त्याचं उत्तर येतं असं समजू: ‘डबा रद्द. पण मिसळ ब्रेडबरोबरच. आणि वेळेवर ये, दीडला माझी मीटिंग आहे.’

ती ‘वेळेवर ये’ एवढेच दोन शब्द पुन्हा वाचते.