देवमाशाचा व्हेल, नवरीचा व्हेल

इंग्रजीत देवमासा म्हणजे ‘व्हेल’ आणि ख्रिस्ती नवरीच्या तोंडावरची जाळीही ‘व्हेल’. निदान देवनागरीत आपण दोन्ही सारखेच लिहितो. इंग्रज कानाला मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि फरक आहे फक्त पहिल्या ध्वनीचा. अशा जोडीला मिनिमल पेअर म्हणतात. आपली ‘काल’ आणि ‘गाल’ ही जोडी तशीच.

घोळ आपल्या ‘व’चा आहे. ‘वारा’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण हवा घासत नाही. म्हणून तर व्याकरणात तो य, र, ल यांच्या पंगतीत, अंतःस्थांमध्ये बसतो. इतका सैल, की गावाकडे ‘विचार’चा सहज ‘इचार’ होतो. इंग्रजीत या जागी दोन ध्वनी आहेत आणि आपला ‘व’ नेमका दोघांच्या मधे पडतो. त्यावर आपण उपाय काढला ‘व्ह’चा. पण ‘नव्हे’ म्हणताना तोंडासमोर तळहात धरा, श्वासाचा झोत लागेल. इंग्रजीला तो झोत नकोच आहे, तिला घासणारी हवा हवी.

जाळीच्या ‘व्हेल’साठी आरसा घ्या. वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर नुसते टेकवा, चावू नका. ‘फॅन’मधला पहिला ध्वनी लांबवा, फ फ करून तोडू नका, आणि मधेच गळ्यातून आवाज सुरू करा. ओठाला गुदगुल्या झाल्या आणि तो गुंजारव तीन सेकंद टिकला, की जमले. जिभेला इथे काही काम नाही.

देवमाशाच्या वेळी जिभेला काम आहे. ‘ऊ’ म्हणताना ओठांचा चंबू होतो आणि जिभेची मागची बाजू पडजिभेकडे उचलली जाते. तिथून थेट ‘एल’वर उडी मारा: ‘ऊ-एल’, मग भरभर. दात ओठाला लागता कामा नयेत. आरशात वरचे दात दिसले, तर पुन्हा जाळीच पडली म्हणायची. इंग्रजी स्पेलिंगमधला ‘एच’ बहुतेक इंग्रज उच्चारतच नाहीत, तेव्हा ‘व्हाय’ आणि ‘व्हाइट’सुद्धा याच चंबूतून काढायचे.

बनियनचा ‘व्हेस्ट’ आणि पश्चिमेचा ‘वेस्ट’, जनावरांचा डॉक्टर ‘व्हेट’ आणि ओला ‘वेट’, या जोड्या त्याच पद्धतीने घोटा. मग घरातल्या कुणाकडे तरी पाठ करून त्यातले शब्द उलटसुलट क्रमाने म्हणा आणि त्याने अर्थ ओळखायचा. आपलाच कान इथे फितूर असतो, आपल्याला काय म्हणायचे ते त्याला आधीच ठाऊक असते.

खरी गंमत ‘व्हेरी वेल’मध्ये येते. पहिल्या शब्दाचे दात दुसऱ्यापर्यंत ओठावरच राहतात. किंवा चंबूची इतकी सवय होते, की ‘व्हेरी’चाच ‘ऊएरी’ होतो. तेव्हा दोन शब्दांत थोडे थांबा, ओठ सोडा आणि मगच चंबू करा.